हा आठवडा कोणी मोजला?

गरोदरपणाचं कुठलंही ॲप उघडा, ते सुरुवातीलाच एक तारीख मागतं: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. ती टाकली की लगेच आठवडा दिसतो, ड्यू डेट दिसते, एखाद्या फळाचं चित्र येतं आणि खाली 'या आठवड्यात तुमचं बाळ' म्हणून मजकूर सुरू होतो. पुढचे सगळे महिने येणारा प्रत्येक निरोप त्या एका तारखेवरून ठरतो. माझं नोकरीचं सगळं आयुष्य इंदूरमध्ये प्रसूती विभागात गेलं. आता निवृत्त झाल्यावरही रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या मुली मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "मावशी, हे लिहिलंय ते खरं का?" मी आधी तो मजकूर वाचत नाही. आधी विचारते, हा आठवडा कशावरून धरलाय?

हिशेब जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने तो ओळखला जातो. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. ॲप त्याऐवजी सरळ २८० दिवस मोजतं, म्हणून सिस्टरने बोटांवर काढलेली तारीख आणि ॲपची तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. हा हिशेब असं गृहीत धरतो की पाळी २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज बाहेर पडतं. ज्या बाईची पाळी ३८ दिवसांनी येते तिचं बीज साधारण चोविसाव्या दिवशी सुटतं, कारण बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये दोन आठवड्यांच्या आसपासच असतो. लांबतो तो आधीचा भाग. म्हणजे तिचं बाळ ॲपच्या हिशेबापेक्षा दहा दिवसांनी लहान असतं, आणि त्यात बाळाचा काही दोष नसतो.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. तिचं खरं नाव लिहीत नाही, अनघा म्हणू. ती विजयनगरला राहते, नोकरी करते, आणि तिची पाळी लग्नाआधीपासूनच छत्तीस ते चाळीस दिवसांनी येते. शेवटची पाळी ३ मार्च २०२५ ला आली होती. ॲपने ड्यू डेट दाखवली ८ डिसेंबर. २३ एप्रिलला ती पहिल्या सोनोग्राफीला गेली तेव्हा ॲपमध्ये सात आठवडे दोन दिवस झाले होते, आणि त्या आठवड्याच्या पानावर लिहिलं होतं की बाळ सेंटिमीटरभर झालंय, त्याचं हृदय धडधडतंय. सोनोग्राफीत दिसली ती गर्भाची पिशवी आणि तिच्या आत एक छोटं कडं, ज्याला रिपोर्टात योक सॅक म्हणतात. बाळ नाही, ठोके नाहीत. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. गाडीत बसल्या बसल्या तिने ॲप उघडलं, तो मजकूर पुन्हा वाचला आणि मला फोन केला. ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

मी तिला रिपोर्टाचा फोटो पाठवायला सांगितला आणि पाळी किती दिवसांनी येते ते विचारलं. दहा दिवस वजा केले की तिचे सात आठवडे दोन दिवस नव्हते, पाच आठवडे सहा दिवस होते. त्या दिवसांत असंच दिसायला हवं. पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिशवी दिसू लागते, त्यानंतर काही दिवसांत योक सॅक, आणि सहा आठवड्यांच्या आसपास तिच्या कडेला तांदळाच्या दाण्याहून छोटं बाळ आणि त्याची लुकलुक. तीही आतून केलेल्या सोनोग्राफीत. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे सगळं आणखी काही दिवसांनी दिसतं.

तरी मी तिला "सगळं ठीक आहे" असं म्हटलं नाही. कारण पिशवी लहान दिसण्याचं दुसरंही कारण असू शकतं, गर्भ वाढत नसण्याचं. एका सोनोग्राफीत ही दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. म्हणून दोन आकडे माहीत असलेले बरे. पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर झाला आणि आत बाळ नाही, किंवा बाळाची लांबी ७ मिलिमीटर झाली आणि ठोके नाहीत, तरच आतून केलेल्या एका तपासणीवर गर्भ गेल्याची शंका पक्की होऊ लागते, आणि तेव्हाही दुसऱ्या जाणकाराने पाहावं किंवा काही दिवसांनी पुन्हा पाहावं असा प्रघात आहे. याखालच्या मापांवर निकाल द्यायचा नसतो. किमान आठवडाभर, योक सॅक असेल तर साधारण अकरा दिवस आणि तीही नसेल तर दोन आठवडे थांबून परत बघायचं असतं. गर्भाशय साफ करायच्या गोळ्या याआधी कोणी लिहून दिल्या तर हे दोन आकडे विचारण्याचा हक्क बाईला आहे. मात्र एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, भरपूर रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर थांबायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत असल्याची ती लक्षणं असू शकतात.

७ मेला पुन्हा सोनोग्राफी झाली. बाळ १५ मिलिमीटर, ठोके चांगले, वय साधारण पावणेआठ आठवडे. ॲप त्या दिवशी नऊ आठवडे दोन दिवस दाखवत होतं.

ज्या ॲपने तिला घाबरवलं त्यात पाळी किती दिवसांनी येते हे भरायची जागा होती. सेटिंगमध्ये आत, आणि आधीपासून २८ भरलेले. अनेक ॲपमध्ये असंच असतं. ज्या मुलीची पाळी अनियमित आहे, जिने नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या आहेत, जिला पीसीओएस आहे किंवा बाळाला पाजत असतानाच पुन्हा दिवस गेलेत, तिच्यासाठी तर ही जागा भरूनही फार उपयोग नाही. तिने ॲपचा आठवडा सोनोग्राफी होईपर्यंत अंदाज म्हणूनच धरावा. ज्या पानावर 'बाळाचं हृदय आता धडधडतंय' असं लिहिलेलं असतं, त्याच पानावर 'पाळी लांबणाऱ्यांना हे दहा-पंधरा दिवसांनी दिसेल' एवढी एक ओळ असायला हवी. कुठलंही ॲप हातात आलं की मी आता सातव्या-आठव्या आठवड्याचं पान उघडून ही ओळ शोधते. ती असली तर लिहिणाऱ्याने बायका पाहिल्या आहेत असं समजते.

खरी तारीख ठरते ती तीन महिन्यांच्या आतल्या सोनोग्राफीवर. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टात तिला सीआरएल लिहिलेलं असतं. या काळात सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. आई उंच की बुटकी, वडील कोण, खाणं कसं, याचा फरक अजून पडलेला नसतो. म्हणून हे माप पाच-सात दिवसांच्या आत खरं वय सांगतं. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पाळीचा हिशेब आणि सीआरएल यांत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरायची, कमी आला तर पाळीचीच ठेवायची. त्याहून आधीच्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त फरकही पुरतो. आयव्हीएफ असेल तर हा प्रश्नच येत नाही, गर्भ कधी सोडला ती तारीख पक्की असते.

अनघाची ही सोनोग्राफी ५ जूनला झाली. सीआरएल साधारण ५४ मिलिमीटर, म्हणजे बारा आठवडे. ॲपच्या मते तेरा आठवडे तीन दिवस. फरक दहा दिवसांचा, तोही तिच्या लांबणाऱ्या पाळीशी तंतोतंत जुळणारा. डॉक्टरांनी फाईलवर नवी ड्यू डेट लिहिली, १८ डिसेंबर, आणि खाली रेघ मारली. मी अनघाला तीच तारीख ॲपमध्ये टाकायला सांगितली. पाळीची तारीख बदलायची नाही, सेटिंगमध्ये 'डॉक्टरांनी दिलेली ड्यू डेट' असा पर्याय असतो तिथे भरायची.

आणि मग त्या तारखेला पुन्हा हात लावायचा नाही. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण यात चुकणारी घरं मी पुष्कळ पाहिली. आपल्याकडे पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टात पुन्हा एक वय आणि पुन्हा एक ड्यू डेट छापलेली येते. मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं, त्यांवरून सरासरी वय काढतं आणि त्यावरून तारीख. नवरा हौसेने ती नवी तारीख ॲपमध्ये भरतो. विसाव्या आठवड्यात एक तारीख, अठ्ठाविसाव्यात दुसरी, चौतिसाव्यात तिसरी. सासूबाई विचारतात, "नक्की कुठली धरायची?"

पहिली, तीन महिन्यांच्या आतल्या सोनोग्राफीवर ठरलेली. नेहमी तीच. कारण पुढच्या महिन्यांत बाळं सारख्या वेगाने वाढत नाहीत, आणि तेव्हा मापातला फरक वय नव्हे, तर वाढ सांगतो. समजा पक्क्या तारखेप्रमाणे ३२ आठवडे झालेत आणि मापं २९ आठवड्यांची आली. याचा अर्थ बाळ वयाच्या मानाने लहान आहे. वारेतून रक्त नीट पोचतंय का हे डॉपलर सोनोग्राफीने बघायला हवं, बीपी बघायला हवं, पुढची तपासणी लवकर करायला हवी. पण घरच्यांनी ॲपमध्ये नवी तारीख भरली तर ॲप म्हणणार २९ आठवडे, बाळ अगदी वेळेवर वाढतंय, अभिनंदन. ज्या बाळाकडे तातडीने बघायला हवं होतं ते एका आकड्याने निरोगी ठरतं. रिपोर्टातली ती छापील तारीख खोटी नसते, ती 'एवढ्या मापाचं सरासरी बाळ कधी जन्मेल' एवढंच सांगते. डॉक्टर ती तशी वाचतात. ॲपला ते कळायला मार्ग नाही, कारण त्याला तारखेशिवाय आपण काहीच दिलेलं नसतं.

मापांचीच आणखी एक गंमत विसाव्या आठवड्यात होते. एकोणिसाव्या आठवड्यात ॲप बाळाची लांबी पंधरा सेंटिमीटर सांगतं आणि दोन आठवड्यांत एकदम पंचवीसच्या पुढे जातं. मुली आनंदाने सांगतात, बाळ केवढं वाढलं! काही घाबरतात, कारण त्यांच्या रिपोर्टात असं काहीच दिसत नाही. झालेलं इतकंच असतं की वीस आठवड्यांपर्यंत ॲप डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतं, कारण पाय दुमडलेले असतात, आणि पुढे डोक्यापासून टाचेपर्यंत. चांगलं ॲप हे तिथेच सांगून टाकतं. फळांच्या चित्रांवरून रिपोर्ट तपासायचा नाही हे मात्र प्रत्येकीने धरून चालावं.

तारीख बरोबर भरल्यावर दुसरा प्रश्न उरतो: सल्ला कुठल्या देशातल्या बाईसाठी लिहिलाय? एकच उदाहरण देते. परदेशी ॲपमध्ये साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या पानावर येते. अमेरिकेत आधी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तासाभराने रक्त घेतात, ते वाढलेलं निघालं तर पुढची मोठी तपासणी. आपल्याकडे सरकारी पद्धत वेगळी आहे. पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पोट रिकामं असो वा भरलेलं, दोन तासांनी रक्तातली साखर बघायची, १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. कमी आली तर चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा हीच तपासणी. आपल्या बायकांना मधुमेहाचा धोका जास्त म्हणून ती लवकर करतात. अनघाला दहाव्या आठवड्यातच ग्लुकोजचं पाकीट हातात मिळालं तेव्हा ती म्हणाली, "ॲपमध्ये तर हे सहाव्या महिन्यात आहे, मला काही झालंय का?" तिला काहीही झालं नव्हतं. लोहाच्या गोळीचंही तसंच, आपल्याकडची सरकारी गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते आणि परदेशी पानावर २७ मिलिग्रॅम लिहिलेलं दिसतं. ते वाचून गोळी अर्धी करायची नाही. इथल्या बायकांमधला ॲनिमिया पाहून ती मात्रा ठरवली आहे. तपासणी आणि गोळ्यांच्या बाबतीत आपलं पान म्हणजे आशा दीदी किंवा सिस्टर देतात ते माता-बाल सुरक्षा कार्ड. ॲप आणि कार्ड यांत फरक दिसला तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावं.

ज्या पानावर सल्ला संपताच प्रोटीन पावडर, पोटावर लावायचं तेल किंवा नाळेतलं रक्त साठवण्याची योजना येते, त्या पानावरच्या 'बाळाच्या मेंदूसाठी अत्यंत आवश्यक' या शब्दांना मी काहीच किंमत देत नाही.

आता शेवटच्या महिन्यांकडे येते, कारण तिथे चुकीच्या वाक्याने जीव जाऊ शकतो. अनेक ॲपमध्ये, मासिकांत, आणि शेजारणींच्या तोंडीही हे वाक्य असतं: नववा लागला की पोटात जागा कमी होते, म्हणून बाळाची हालचाल कमी होते, काळजी करू नका. हे बरोबर नाही. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते. लाथेऐवजी वळल्यासारखं, ढकलल्यासारखं, सरकल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी व्हायला नको. कळा सुरू होईपर्यंत ती तिच्या नेहमीच्या लयीत चालू राहिली पाहिजे. पोटात बाळाला प्राणवायू कमी पडू लागला तर ते ताकद वाचवतं आणि हलणं कमी करतं. बाहेरून आईला कळणारी ती पहिली खूण असू शकते.

म्हणून हालचालीबद्दलचं पान तपासायची माझी एकच कसोटी आहे. ते पान बाईला थांबायला सांगतं की जायला? 'गोड खा, थंड पाणी प्या, एक झोप काढा आणि उद्या सकाळपर्यंत बघा' असं लिहिलं असेल तर ते ॲप मोबाईलमधून काढून टाकायला मी सांगते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर नेहमीपेक्षा कमी वाटलं तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात जायचं. कामाच्या गडबडीत लक्षच गेलं नव्हतं की खरंच कमी आहे, अशी शंका असेल तर डाव्या कुशीवर निवांत पडून दोन तासांत दहा हालचाली होतात का बघावं. पण कमी झाल्याची खात्री असेल तर मोजत बसायचं नाही. ॲपमधलं बटण दाबून दहा आकडा पूर्ण झाला तरी मनाला वेगळं वाटत असेल तर आपल्या जाणिवेला मान द्यावा. आणि मोबाईल पोटाला लावून ठोके ऐकवणारी ॲप किंवा घरी वापरायची यंत्रं यांवर कधीही विसंबू नये, आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज ऐकून बाई निर्धास्त झोपते.

अनघाने ॲपमध्ये तारीख बदलली होती, पण तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये जुनीच राहिली होती. ९ डिसेंबरला त्याला निरोप आला की ड्यू डेट उलटली. घरात कुजबुज सुरू झाली, कळा आणायचं इंजेक्शन घेऊया का, सीझर करून टाकूया का. डॉक्टरांनी फाईल उघडून बारा आठवड्यांच्या सोनोग्राफीखालची रेघ दाखवली. त्या दिवशी तिचे अडतीस आठवडे पाच दिवस झाले होते. बीपी, साखर, बाळाची वाढ सगळं चांगलं असेल तर साधारण एक्केचाळीस आठवडे पूर्ण होईपर्यंत वाट बघता येते, आणि नेमक्या ड्यू डेटला तर शंभरात चार-पाचच बाळं जन्मतात.

दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर तिला वाटलं की संध्याकाळपासून बाळ नेहमीसारखं हललं नाही. तिने नवऱ्याला उठवलं, मला फक्त निघताना फोन केला. दवाखान्यात पोटाला पट्टे लावून एनएसटी घेतली, ठोक्यांचा आलेख चांगला आला, सोनोग्राफीत पाणीही ठीक होतं. घरी सोडताना ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. आजची एनएसटी चांगली होती म्हणून थांबू नका, दुसऱ्यांदा वाटलं तर आम्ही आणखी नीट बघतो." १५ डिसेंबरला तिला आपोआप कळा सुरू झाल्या.